सुतक संपलं तरी दुखवटा उरतो का? आत्याला काय लिहावं?

पार्लेकरीण
जूनमध्ये बाबा गेले. घरी आई आणि मी. गणपती तोंडावर आलेत आणि घरच्या ग्रुपवर मी लिहिलं, "आत्या, सुतक दहा दिवसांचं असतं, ते कधीच संपलं. आम्ही गणपती आणायचं ठरवलंय." त्यावर आत्याचं उत्तर आलं : "सुतक संपलं असेल, दुखवटा वर्षाचा असतो. भावाचं वर्ष तरी होऊ दे. आणि तुझ्या आईने एवढ्यात रंगीत साड्या नेसू नयेत." याउलट मामा रोज फोन करून सांगतो, "किती दिवस घरात बसणार, तिला बाहेर काढ." दोघंही मायेनेच बोलतात, म्हणून तोडून बोलवत नाही. प्रश्न दोन आहेत. सुतक आणि दुखवटा खरंच वेगळे आहेत का? आणि आत्याला न दुखावता "हे आमचं आम्ही बघू" असं मराठीत कसं म्हणायचं?

गिरगावचा नाना
दुखवटा सरकार जाहीर करतं. लता मंगेशकर गेल्या तेव्हा, फेब्रुवारी 2022 मध्ये, दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता, झेंडे अर्ध्यावर होते. घरात असतं ते सुतक, आणि ते तेरा दिवसांचं. आत्याबाईंनी शब्द चुकीचा वापरला आहे, तसं त्यांना स्पष्ट लिहा.

शब्दवेडी
नाना, सुतक दहा दिवसांचं. अकराव्या दिवशी शुद्धी होते, बारावा-तेरावा हे पुढचे विधी. आणि घरचा दुखवटा सरकारी दुखवट्याच्या कितीतरी आधीचा आहे. आमच्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण करून माहेरची माणसं साडी-चोळी देतात, त्या आहेरालाही दुखवटाच म्हणतात. "मामाकडचा दुखवटा आला का?" हे मी लहानपणापासून ऐकलंय. म्हणजे जो दुखवटा घेतल्यावर माणसाने घराबाहेर पडायचं, तोच दुखवटा आत्या वर्षभर धरायला सांगते आहे. एकाच शब्दाची दोन टोकं आहेत ही.

संस्कृतप्रेमी
मुळात मृत्यूसाठी सुतक म्हणणंच चूक. सूतक हे 'सू' धातूवरून, प्रसवाशी संबंधित. जन्माचं ते सूतक, मृत्यूचं ते मृताशौच.

शब्दवेडी
मूळ तेच, मान्य. पण मराठीने जन्मासाठी सोयर धरला आणि मृत्यूसाठी सुतक, आणि "त्याला कशाचं सोयरसुतक नाही" म्हणताना आपण दोन्ही शेजारी ठेवतो. दारात उभं राहून "आम्हाला मृताशौच आहे" कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

भांडुपचा विजय
माझा अनुभव सांगतो. वडील गेले तेव्हा केस काढायचे नाहीत असं मी मनाशी पक्कं केलं होतं. काकांनी विचारलं तेव्हा वाद नको म्हणून "बघू" म्हणालो. त्यांनी तो होकार धरला. दहाव्याला बाणगंगेवर गेलो तर न्हावी बसूनच होता. सगळ्यांसमोर नाही म्हणावं लागलं आणि काका वर्षभर बोलले नाहीत. आधीच साधं "नको काका, मला नाही जमणार" म्हटलं असतं तर त्यांना चारचौघांत खाली बघावं लागलं नसतं. तेव्हा ताई, "बघू" मात्र लिहू नका.

सौ. प्रभा
लेकी, बाबांच्या आत्म्यास शांती लाभो. आत्याला "भावपूर्ण श्रद्धांजली, आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत" असं पाठव.

पार्लेकरीण
प्रभाताई, मनापासून धन्यवाद. पण दुःख आमच्याच घरी आहे, मला सल्ल्याला उत्तर हवंय.

मंगलाताई, दादर
मी तीस-पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि तीन दिरांच्या घरात राहिले, म्हणून लिहिते. शब्द कुठला बरोबर हा वाद आत्याशी घालू नका. तुमच्या निरोपात सुतकाचे दिवस मोजलेत, म्हणून त्यांनीही मोजूनच उत्तर दिलं. नियमाला नियमाने उत्तर दिलं की समोरचा मोठा नियम काढतो.

खरी अडचण "आम्ही ठरवलंय" यात आहे. या "आम्ही"त आत्या नाही. भाऊ तिचाही गेलाय, आणि तुमच्या वाक्याने ती घराबाहेर उभी राहिली. मराठीत "आपण" आहे आणि "ठरलंय" आहे, दोन्ही वापरा. "ठरवलंय" म्हटलं की कुणी ठरवलं हा प्रश्न येतो. "ठरलंय" म्हटलं की ते झालेलं असतं आणि त्यात कुणाचा उद्धटपणा दिसत नाही. एरवी आत्याला तू म्हणत असाल तर इथे तुम्ही करू नका, रागाने लांब गेल्यासारखं वाटतं. मी असं लिहीन :

"आत्या, बाबांचं वर्ष व्हायचंय हे तुझ्या मनात सतत आहे, ते आम्हाला कळतं. यंदा आपल्याकडे गणपती दीड दिवसाचाच आणायचा असं आईशी बोलून ठरलंय. मखर नाही, कुणाला बोलावणं नाही. तू आरतीला आलीस तर आईला बरं वाटेल."

कारणं देऊ नका. "गुरुजी म्हणाले" असं लिहिलंत तर आत्याचेही गुरुजी असतील. मखर नाही, बोलावणं नाही, हे मात्र जरूर लिहा. तिला दुखवटा डोळ्यांना दिसायला हवाय, तो तिथे दिसतो. साड्यांबद्दल अक्षरही लिहू नका. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हक्क फक्त तुमच्या आईचा आहे.

संस्कृतप्रेमी
"बोलावणं नाही" आणि लगेच "तू आलीस तर"? दुखवट्यात आमंत्रण द्यायचं नसतं. समाचाराला आलेला माणूस निघताना "येतो"सुद्धा म्हणत नाही.

मंगलाताई, दादर
बहीण भावाच्या घरी येते त्याला बोलावणं लागत नाही. मी "ये" लिहिलेलं नाही, "आलीस तर" लिहिलंय.

शब्दवेडी
"आपल्याकडे" चांगलंच आहे, पण त्यात धोकाही आहे. आत्या म्हणेल, आपल्याकडे ना, मग मला का नाही विचारलं?

मंगलाताई, दादर
विचारू शकते. म्हणूनच ग्रुपवर टाकू नका, आधी फोन करा आणि मग हेच लिहून पाठवा. ग्रुपवर चारजण वाचत असले की मोठ्या माणसाला माघार घेता येत नाही. आणि आत्या खूपच कडक असेल तर या निरोपानेही ती ऐकणार नाही, पण निदान बोलणं तुटणार नाही.

पार्लेकरीण
फोन केला. आधी दोघी रडलो. मग हेच वाचून दाखवलं, फक्त "मखर नाही"च्या जागी "बाबांनी केलेलं जुनं मखर माळ्यावरच राहील" असं म्हटलं. आत्या गणपतीला हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "नैवेद्याला मोदक करणार का?" एवढंच विचारलं. साडीचा विषय तिने काढला तेव्हा मी फोन आईकडे दिला. आता मामाचं काय करू? त्याला "ठरलंय" चालत नाही. "कुणी ठरवलं?" म्हणून तो खरंच विचारतो.

भांडुपचा विजय
मामाला काम द्या. आईला बँकेत वारसाच्या कागदांसाठी न्यायला सांगा. बाहेरही पडतील आणि सल्लाही थांबेल.

गिरगावचा नाना
दहा दिवसांचं मी घरी विचारलं, बरोबर आहे. पण सोयर हा शब्द सोयऱ्यांवरूनच आला असणार. बाळ झालं की सोयरे येतात.

शब्दवेडी
नाही पटत. मला तो सुईण, सुवेर यांच्या घरातला वाटतो. कोकणात सुयेर म्हणतात ना?

संस्कृतप्रेमी
आमच्याकडे वृद्धी म्हणतात. आणि दुखवट्यातलं 'वटा' हे वस्त्रावरून असेल तर आहेराचा अर्थ आधीचा ठरेल. यावर कुणाकडे जुना वापर आहे का?