मदत हवी आहे: प्रस्तावातला दराचा भाग छोटा आणि नेमका कसा करू?

नमस्कार मंडळी, वेबसाइटच्या कामाचा प्रस्ताव पाठवायचा आहे आणि दराच्या भागाशी अडले आहे. मूळ वाक्य असं होतं:

"वेबसाइटचे डिझाइन, आवश्यक ते बदल व संबंधित सर्व कामे एकरकमी शुल्कात केली जातील, इतर खर्च लागू असल्यास वेगळे."

मागच्या कामात याच "आवश्यक ते बदल"मुळे सहा वेळा बदल करून द्यावे लागले. "संबंधित सर्व कामे" या शब्दांवर बोट ठेवून ग्राहकाने मजकूरही माझ्याकडूनच लिहून घेतला. चूक माझ्या वाक्याची होती, म्हणून आता असं लिहिलं आहे:

"१२ पानांचे डिझाइन, बदलांच्या २ फेऱ्यांसह. एक फेरी म्हणजे सर्व सूचना एकत्र, एकाच ईमेलमध्ये. तिसऱ्या फेरीपासून तासाचा दर लागू. रक्कम कर वगळून आहे. मजकूरलेखन, फोटो व होस्टिंग यात नाही."

शब्द वाढले हे दिसतंय. पण खाली दीड पानाच्या अटी होत्या, त्यातल्या बहुतेक आता काढता येतील. तिथेही "किरकोळ बदल मोफत" असं होतं. दोन ठिकाणी दोन अर्थ नकोत म्हणून ते आधी खोडलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. "यात नाही" ची ओळ रकमेला लागूनच ठेवावी का? मला तसंच योग्य वाटतं, कारण वाचणारा रकमेपाशी नक्की थांबतो. आणि १३वं पान मागितलं तर काय, हे एका छोट्या वाक्यात कसं बसवाल? तुमचं वाक्य जसंच्या तसं लिहून दिलंत तर फार मदत होईल.