'एस्केप करणे'ला मराठीत काय म्हणायचं? (शोधातले कंस आणि टिंबं)

कृष्णाकाठ
सांगलीत एका अडत दुकानाचा हिशेबाचा प्रोग्रॅम मी सांभाळते, आता पुढं जी मुलं तो कोड बघणार त्यांच्यासाठी मराठीत टिपा लिहितेय आणि एका वाक्यावर अडलेय. म्हणायचंय असं, की माणसानं शोधाच्या चौकटीत जे टाइप केलंय ते रेजेक्समध्ये, म्हणजे ज्यात काही चिन्हांना खास अर्थ असतो अशा शोधाच्या नमुन्यात, घालण्याआधी एस्केप करा. मी लिहिलं "विशेष चिन्हांची सुटका करा". दुकानातल्या मुनीमकाकांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "ताई, कंस सुटला म्हणूनच तर घोळ झाला, त्याला बांधायला पाहिजे, सोडायला कशाला सांगताय?"

त्यांचं म्हणणं मनाला लागलं, कारण घोळ त्यांनीच भोगला होता. मालाचं नाव "हळद (राजापुरी)". काकांनी "हळद (राजापुरी" एवढंच टाइप केलं, शेवटचा कंस राहिला, आणि स्क्रीनवर हे आलं:

```
missing ), unterminated subpattern at position 4
```

मग त्यांनी कंस पुरा केला, तर चूक गेली पण एकही नोंद सापडेना, आणि माल तर समोर रचलेला! रेजेक्सला कंस म्हणजे गट, त्यामुळं ते "हळद राजापुरी" असं बिनकंसाचं शोधत बसलं. दुसरा प्रकार याहून वाईट वाटतो मला, कारण चूक दिसतच नाही.

तर शब्द सुचवा. मुलांना नुसतं 'एस्केप' लिहिलं की ती पाठ करतात, काय होतंय ते कळत नाही.

माणदेशी
'मुसकं घालणे' लिहा की ताई. कोळपायला बैल न्यायचा तर तोंडाला मुसकं घालतो आम्ही, बैल पिकातच असतो, चालतोय, सगळं करतोय, फक्त पिकाला तोंड लावत नाही. तुमचा कंस पण तसाच, जागेवर उभा पण त्याचं काम बंद. उलटी तिरकी रेघ म्हणजे मुसकं. मुनीमकाकांना एका दमात कळंल.

जुनीपाटी
प्रतिमा सुंदर आहे, पण अर्धीच लागू पडते. तीच उलटी रेघ `d` पुढं लावली की साधं अक्षर एकदम 'कुठलाही अंक' होतं. म्हणजे तिथं मुसकं घातल्यावर बैल खायला लागला! रेघेचं खरं काम बांधणं नाही, 'पुढचं चिन्ह नेहमीच्या अर्थानं वाचू नका' एवढं सांगणं. नेहमीच्या अर्थातून बाहेर पडणं, म्हणून एस्केप. मूळ लॅटिनमध्ये 'एक्स' आणि 'काप्पा', झग्यातून बाहेर पडणं. धरणाऱ्याच्या हातात झगा राहतो, माणूस निसटतो. संगणकात ही कल्पना 1960 च्या सुमारास बॉब बेमर यांनी रेटली, आस्कीमध्ये एस्केप आणि ही उलटी रेघ दोन्ही त्यांच्याच आग्रहानं आल्या. म्हणून 'सुटका' चूक नव्हतं, सुटका चिन्हाची नसून अर्थापासून आहे एवढंच. माझं मत 'अर्थ टाळणे'.

हळदरंग
एक्सेलमध्ये मला हेच झालेलं. मालाच्या नावात `*` होता, शोधलं की सगळी यादीच यायची. मग कुणीतरी सांगितलं आधी `~` टाक, `~*` असं, तेव्हा जमलं. पण त्याला एस्केप म्हणतात हे आज कळलं, मला वाटायचं एस्केप म्हणजे कीबोर्डवरचं डाव्या कोपऱ्यातलं बटण.

साताराकर
शब्दावर एवढं डोकं घालवण्यापेक्षा रेजेक्सच काढून टाका ना. पायथॉनमध्ये सरळ `if q in nav`, जावास्क्रिप्टमध्ये `includes`. कंस, टिंब, काहीही येऊ दे, जसंच्या तसं शोधतं. आणि `re.escape` चा तर मला राग आहे, ते सगळ्याच चिन्हांपुढं रेघा ओढत सुटतं, वाचवत नाही.

गणकयंत्र
साताराकर, पहिलं बरोबर आहे, नुसतं जसंच्या तसं शोधायचं तर रेजेक्स लागतच नाही. दुसरं जुन्या पायथॉनचं आहे. 3.7 पासून रेजेक्समध्ये ज्यांना काही खास अर्थ असू शकतो त्यांनाच रेघ लागते, `@`, `%`, `/` वगैरेला नाही.

कृष्णाकाठताई, तुम्हाला रेजेक्स मुळात लागला कशाला?

कृष्णाकाठ
नोंदी दोघांनी भरल्यात. एकानं कंसाआधी एक जागा सोडलीय, दुसऱ्यानं दोन. म्हणून जिथं जागा असेल तिथं `\s+`, म्हणजे 'एक किंवा जास्त मोकळ्या जागा', घालायचं ठरवलं. खरं सांगायचं तर `re.escape` मी केलंय, तरी पायथॉनच्या बाजूला काही सापडत नाही. स्क्रीनवरच्या जावास्क्रिप्टमध्ये मात्र तोच प्रकार चालतोय. मला वाटलं देवनागरीमुळं असेल.

गणकयंत्र
देवनागरीचा दोष नाही. तुम्ही आधी सगळं एस्केप करून मग जागा बदलत असणार, असं:

```python
re.escape(q).replace(" ", r"\s+")
```

`re.escape` कंसासारखीच मोकळ्या जागेपुढंही रेघ लावतं. म्हणजे हातात `हळद\ \(राजापुरी\)` येतं. आता त्यातली जागा काढून `\s+` घातलं की होतं `हळद\\s+\(राजापुरी\)`. दोन रेघा शेजारी आल्या, पहिलीनं दुसरीला साधी केली, आणि आता ते 'हळद'च्या पुढं खरीखुरी उलटी रेघ आणि मग इंग्रजी `s` शोधतंय. चूक दाखवत नाही, सापडतही नाही. तुमच्या जावास्क्रिप्टमध्ये बहुतेक सगळे वापरतात ते हातानं लिहिलेलं फंक्शन असेल, त्या यादीत मोकळी जागा नसते, म्हणून तिथं चाललं.

उपाय म्हणजे आधी तोडा, मग एकेक तुकडा एस्केप करा, मग जोडा:

```python
pat = r"\s+".join(re.escape(p) for p in q.split())
```

जावास्क्रिप्टमध्येही हाच क्रम ठेवा. आता तिथं `RegExp.escape` आलंय, 2025 च्या प्रमाणकात, आणि ते जागेचं `\x20` करतं, त्यामुळं जुना क्रम ठेवून नुसतं फंक्शन बदललं तर तिथंही दोन जागांच्या नोंदी गायब होतील.

कृष्णाकाठ
झालं! `print(pat)` करून बघितलं, खरंच दोन रेघा होत्या. तोडून जोडल्यावर दोघांच्याही नोंदी आल्या. पण हे टिपेत लिहू कसं? "तुकड्यांना मुसकं घालून मग जोडा"?

माणदेशी
बरोबरच लिहिताय. तुमचं `\s+` हा मोकळा बैल, त्याला काम करायचंय. मुसकी घालून झाल्यावर त्याला आत सोडा, नाहीतर त्याच्याही तोंडाला बसतं.

जुनीपाटी
इथं मात्र मुसकं घालण्याचं काम माणदेशींनी जिंकलं हे मान्य करतो. तरी `\d` चं उत्तर त्यात नाही, आणि टिपा वाचणारं पोर उद्या तिथंच अडखळेल. शब्द एका प्रसंगापुरता घडवायचा नसतो.

साताराकर
पोरं कामावर 'एस्केप मार'च म्हणणार. इंटरनेटवर शोधायचं झालं तर त्याच शब्दानं सापडणार. मुसकं टाइप करून काय मिळणार? मराठी शब्द शिकवायला ठीक, पण लिहिताना एस्केपच लिहा, हे मी मनापासून सांगतोय.

गणकयंत्र
एक राहिलं. बदलीच्या मजकुराला, म्हणजे `re.sub` च्या दुसऱ्या जागी, `re.escape` लावू नका. तिथं कंस आणि टिंब साधेच असतात, उगाच रेघा छापून येतील. तिथं फक्त उलट्या रेघेची काळजी घ्यायची. जुनीपाटी म्हणतात ते याच्याशी जुळतं, कुठला अर्थ टाळायचा ते जागेवर ठरतं.

कृष्णाकाठ
मग मी वाक्यात 'एस्केप करा' ठेवते आणि खाली बैलाचं चित्र देते. मुनीमकाकांना दाखवलं, ते म्हणाले हे कळलं, पण "हळद 15.5" शोधल्यावर 1545 ची पट्टी का यायची ते अजून सांगितलं नाहीस.

माणदेशी
टिंबाला मुसकं नव्हतं म्हणून!

हळदरंग
आमच्या खटावकडं 'मुसकी' म्हणतात, एकाला पण मुसकीच. 'मुसकं' मी आज पहिल्यांदा ऐकलं. कोरेगाव, वाईकडं काय म्हणतात?