ट्रॅक्ट आधी पाठ करायचे की आधी पेशंट सोडवायचा?

कोयनाकाठ: फर्स्ट एमबीबीएसला आहे. स्पायनल कॉर्डचे असेंडिंग आणि डिसेंडिंग ट्रॅक्ट तीनदा पाठ केले आणि तीनदा विसरले. एक सीनियर म्हणतात, याद्या बाजूला ठेव आणि 'जखम कुठे आहे' अशी कोडी सोडव, ट्रॅक्ट आपोआप बसतात. आमच्या मॅडमना हे अजिबात मान्य नाही. खरंच नुसत्या कोड्यांवर ट्रॅक्ट शिकता येतात का?

रातपाळी: येतात. मी न्यूरॉलॉजीत आहे, आणि माझे स्वतःचे ट्रॅक्ट पक्के झाले ते एका पेशंटमुळे. त्यांचीच केस सांगतो.

पन्नाशीचे गृहस्थ. तक्रार एकच, उजवा पाय ओढत चालतोय. तपासलं तर उजवा पाय ताठ, गुडघ्याचा आणि घोट्याचा जर्क उसळणारा, तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर. ट्यूनिंग फोर्क नळाच्या पाण्याखाली गार करून डाव्या नडगीला लावला. म्हणाले, "काहीतरी टेकलंय." गार लागतंय का विचारलं तर "नाही, नुसतं टेकलंय." तोच फोर्क उजव्या, म्हणजे लुळ्या पायाला लावल्यावर त्यांनी पाय झटकन मागे घेतला.

आता कागदावर दोन रेघा काढ. पहिली ताकदीची. ती डाव्या मेंदूतून निघते, डाव्या बाजूनेच मेड्युलाच्या तळापर्यंत येते, तिथे उजवीकडे जाते आणि मग कॉर्डच्या उजव्या बाजूने खाली उतरते. दुसरी गार-गरमाची. ती डाव्या पायातून कॉर्डमध्ये शिरते, एकदोन सेगमेंटांतच उजवीकडे जाते आणि तिथून थेट उजव्या थॅलॅमसपर्यंत उजवीकडूनच चढते. दोन्ही रेघा एकाच बाजूला शेजारी-शेजारी कुठे येतात? फक्त कॉर्डच्या उजव्या अर्ध्यात. मेड्युलाच्या वर एक डावीकडे असते, दुसरी उजवीकडे. म्हणजे चेहरा न तपासता, एमआरआय न काढता तुला कळलं की जखम कॉर्डमध्ये उजवीकडे आहे. ब्राउन-सेकार्ड हे नाव नंतर कळलं तरी चालेल. ही रेघ एकदा हाताने ओढलीस की कोण कुठे ओलांडतो ते विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही.

तिसरा बाक: मी सेकंड इयर. यादी नको आणि रेघाही नकोत, एक वाक्य पुरतं: दुखणं आणि तापमान विरुद्ध बाजूला, बाकी सगळं जखमेच्या बाजूला. माझा वायवा याच वाक्यावर निघाला.

डिसेक्शन हॉल: वायवा निघाला कारण तुम्हाला कॉर्डच विचारला. ब्रेनस्टेम विचारला असता तर?

एक पेशंट घ्या. चक्कर येते, गिळताना ठसका लागतो, आवाज घोगरा झालाय, चालताना उजवीकडे झोक जातो. उजवी पापणी किंचित खाली, उजवी बाहुली लहान. टाचणी उजव्या गालाला टोचत नाही, आणि मानेखाली मात्र डाव्या अंगाला टोचत नाही. हातापायांत ताकद पूर्ण. तुमच्या वाक्याप्रमाणे टाचणी सगळीकडे डावीकडेच बोथट लागायला हवी होती. चेहरा उजवीकडे कसा आला?

तिसरा बाक: वॉलेनबर्ग, लॅटरल मेड्युला. नाव येतं मॅडम. चेहरा उजवीकडे का, ते नाही सांगता येत.

डिसेक्शन हॉल: माझा आक्षेप नेमका हाच आहे. तुम्ही कोडं सोडवलं नाहीत, ओळखलंत. कोड्यांचीही यादी होते, वीस कोड्यांना वीस नावं. ट्रॅक्टची यादी टाकून तुम्ही दुसरी यादी पाठ केलीत, आणि तिच्यात एक लक्षण इकडचं तिकडे झालं की हात टेकता.

उत्तर असं. चेहऱ्याच्या दुखण्याचे तंतू पॉन्समध्ये शिरतात, पण तिथे ओलांडत नाहीत. त्याच बाजूने खाली, मेड्युला पार करून मानेतल्या कॉर्डच्या वरच्या भागापर्यंत उतरतात आणि तिथल्या न्यूक्लियसमधून पुढचे तंतू पलीकडे जातात. म्हणून उजव्या मेड्युलाच्या कडेला उजव्या गालाचे तंतू अजून न ओलांडलेले असतात, आणि त्यांच्या शेजारूनच डाव्या अंगाचे, खालीच ओलांडून आलेले तंतू चढत असतात. एका जखमेने दोन्ही गेले. ताकद राहिली कारण पिरॅमिड पुढे, मध्यरेषेला लागून असतो, कडेची जखम तिथवर पोचत नाही. हे कोड्यातून उगवत नाही. त्यासाठी मेड्युलाचा आडवा छेद डोळ्यांसमोर असावा लागतो, आणि तो दहा वेळा काढल्याशिवाय येत नाही. मी बावीस वर्षं शिकवतेय. छेद न काढता ब्रेनस्टेम आलेला एकही विद्यार्थी मी पाहिलेला नाही.

आणि डॉक्टर, तुमच्या केसमध्ये 'एकदोन सेगमेंटांत ओलांडते' हे तुम्हाला कुठून कळलं? ते कुणीतरी आधी सांगितलेलंच होतं ना?

रातपाळी: सांगितलेलं होतं, मान्य. पण मॅडम, किती सांगायचं ते बघा. तीन लांब वाटा, तीन ओलांडायच्या जागा. ताकदीची मेड्युलाच्या तळाशी, दुखण्याची कॉर्डमध्ये शिरल्या-शिरल्या, कंपन आणि सांध्याची जाणीव मेड्युलात, तिथल्या न्यूक्लियसपर्यंत त्याच बाजूने चढल्यावर. ब्रेनस्टेमसाठी ऑस्ट्रेलियातल्या पीटर गेट्स यांनी २००५ मध्ये 'चाराचा नियम' मांडला: मध्यरेषेला चार गोष्टी, कडेला चार, आणि आडव्या पातळीसाठी क्रेनियल नर्व्ह. मध्यरेषेचा ट्रॅक्ट गेला की कडेचा गेला यावरून बाजू आणि खोली ठरते, कुठली नर्व्ह गेली यावरून उंची. तुमचा पेशंट त्याने दोन मिनिटांत सुटतो. याउलट रुब्रोस्पायनल आणि टेक्टोस्पायनल कॉर्डच्या कुठल्या कोपऱ्यात असतात यावरून मी आजवर एकही जखम शोधलेली नाही.

डिसेक्शन हॉल: मग बेशुद्ध पेशंटचे हात कोपरात वळतात की ताठ होतात, हे काय बघून शिकवता? रेड न्यूक्लियसच्या वर की खाली, असंच ना?

रातपाळी: शिकवतो, पण माणसात ते प्राण्यांवरच्या प्रयोगांइतकं स्वच्छ जुळत नाही. एकाच पेशंटचे हात सकाळी वळतात आणि संध्याकाळी ताठ होतात. त्यावरून मी जागा ठरवत नाही, किती गंभीर आहे ते ठरवतो.

डिसेक्शन हॉल: हे मला पटलेलं नाही. पण तो वेगळा विषय आहे.

नाशिककर: मी डॉक्टर नाही, बाबांमुळे वाचतोय. त्यांचे पाय जड पडायला लागले, कमरेखाली बधिरपणा. एका ठिकाणी कमरेचा एमआरआय काढला, थोडी झीज निघाली, तीन महिने व्यायाम आणि पट्टा. मग शर्टाची बटणं लावता येईनात. दुसरीकडे दाखवलं तर मानेत दाब निघाला. बधिरपणा कमरेखाली आणि दोष मानेत, हे आम्हाला आजही कळलेलं नाही. पहिल्यांदा कुणाचं चुकलं का?

रातपाळी: कुणाचं चुकलं ते तपासणी न बघता मी सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. पण असं होतं का, तर होतं. माझी वरची केस मी अर्धीच सांगितली होती, उरलेली तुमच्यासाठी सांगतो.

त्या गृहस्थांच्या डाव्या पायापासून मी टाचणी वर-वर नेत गेलो. बेंबीपाशी ते म्हणाले, "इथून टोचतंय." बेंबी म्हणजे टी१०. दुखण्याचे तंतू ओलांडताना एकदोन सेगमेंट वर चढतात, म्हणून माझ्या रेसिडेंटने लगेच फॉर्मवर लिहिलं, टी८, छातीच्या मणक्यांचा एमआरआय. मी त्याला उजव्या हाताकडे बघायला सांगितलं. बोटं अडखळत होती. ट्रायसेप्सचा जर्क उसळणारा. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर हातोडी मारली तर कोपर वळायला हवं. ते हललं नाही, बोटंच मिटली. पायाच्या दुखण्यात हा जर्क कधी उलटा होत नाही. तो सांगतो की सी५-सी६ची स्वतःची कमान तुटलीय आणि तिच्या खालचं सगळं मोकाट सुटलंय. एमआरआय मानेचा निघाला, दाब तिथेच होता.

मग बेंबी कशी? मानेत दुखण्याचा ट्रॅक्ट थरांनी रचलेला असतो. पायाकडून आलेले तंतू बाहेरच्या बाजूला, हाताचे आतल्या बाजूला. बाहेरून दाब आला की आधी कडेचे, म्हणजे पायाचे तंतू चेपतात. दाब वाढेल तशी बधिरपणाची रेघ वर सरकते, आणि पेशंट मध्येच आला तर ती बेंबीवरच सापडते. म्हणून त्या रेघेचा अर्थ एवढाच घ्यायचा की जखम याच्या खाली नाही. वर कुठेही असू शकते. तुमच्या बाबांचं नेमकं हेच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण बटणं ही मोठी खूण होती.

डिसेक्शन हॉल: यात मी एक भर घालते. छातीवर टाचणी वर नेताना टी२ संपला की लगेच सी४ लागतो. मधले सी५ ते टी१ धडावर नसतातच, ते हातावर गेलेले असतात. नुसतं धड तपासणाऱ्याला मानेतली खरी लेव्हल कधीच सापडणार नाही. तुमच्या 'थरांची' यादीही मी पाठ करून घेते डॉक्टर, आणि मुलं म्हणतात की हिचा उपयोग काय.

रातपाळी: मग आधी या गृहस्थांची केस सांगा आणि थर नंतर द्या. 'उपयोग काय' कुणी विचारणार नाही.

इंटर्नशिपचं वर्ष: मी कोड्यांवरच शिकलो, आणि वॉर्डात अडलो ते सांगतो. कोड्यात जखम एकच असते आणि प्रत्येक लक्षण तिला लागू पडतं. माझ्या पहिल्या पेशंटला पंधरा वर्षांचा डायबेटिस होता. घोट्याचा जर्क दोन्हीकडे नाही, पायाच्या अंगठ्यावर १२८चा फोर्क दोन्हीकडे लागत नाही, पण गुडघ्याचा जर्क उसळणारा आणि दोन्ही अंगठे वर. मी जर्क नाही म्हणून नर्व्हचा आजार धरला आणि वर गेलेले अंगठे 'नीट तपासलं नसेल' म्हणून सोडून दिले. खरं तर दोन आजार होते, नर्व्हही आणि कॉर्डही. बी१२ कमी असेल तर एकट्या त्यानेही असंच दिसू शकतं, हे मला तेव्हा सुचलंच नाही. कोड्यांनी मला न बसणारं लक्षण फेकून द्यायची सवय लावली होती.

रातपाळी: हे खरं आहे. याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. मी दोन जखमांची कोडी देऊन पाहिली, पण पहिल्या वर्षाची मुलं त्यात गोंधळतात.

कोयनाकाठ: काल रात्री सरांच्या दोन रेघा काढल्या, मग मॅडमचा मेड्युलाचा छेद. छेद काढताना पहिल्यांदाच कळलं की तिथे स्पायनोथॅलॅमिक कडेला का दाखवतात. आता एक अडलंय. एखाद्याच्या दोन्ही हातांना आणि खांद्यांना गरम लागत नाही, चटका बसला तरी कळत नाही, पण स्पर्श कळतो आणि पायांना सगळं नीट कळतं. माझ्या वहीत दोन्ही ट्रॅक्टवर जखम दाखवली तर पायही जायला हवेत. मग जखम काढायची कुठे?

डिसेक्शन हॉल: ट्रॅक्टवर काढूच नका. ट्रॅक्टमध्ये पोचण्याआधी हे तंतू कुठून जातात?

तिसरा बाक: मधून. सेंट्रल कॅनालच्या पुढून, दोन्ही बाजूंचे एकाच जागी ओलांडतात. तिथे पोकळी झाली तर फक्त त्या सेगमेंटांचे ओलांडणारे तंतू तुटतात. पायाचे खालीच ओलांडून कडेला गेलेले असतात, ते वाचतात. बरोबर ना मॅडम?

डिसेक्शन हॉल: बरोबर. आता ती पोकळी पुढच्या शिंगापर्यंत वाढवा, आणि हाताच्या जर्कचं काय होईल ते सांगा. पायाच्या जर्कचंही.