पूजेच्या कपांवरची नावं : प्रूफला ‘ओके’ कोण देणार?

मेघना (बी-३): म्हापशाच्या गिफ्टवाल्या दुकानाचा मेसेज पुढे टाकतेय. “नावांची यादी आणि फोटो मंगळवारी रात्री ८ पर्यंत. प्रूफ बुधवारी. ओके गुरुवारी दुपारी १२ पर्यंत. ओके आल्याशिवाय छपाई नाही, ओकेनंतर बदल नाही.” आपले मुलांचे १२ कप आणि देसाईकाकांच्या निरोपाची ८ बाय १० इंची फ्रेम.

सुमनकाकू (ए-१): सत्यनारायण रविवारी आहे. मंगळवारी यादी दिली की चार दिवस मिळतात त्यांना. एवढी काय घाई गो?

नितीनभाई (सी-२): काकू, ते दिवस यादीपासून नाही, ओकेपासून मोजतात. मी हे काम केलंय म्हणून सांगतो. नाव आधी खास कागदावर उलटं छापतात, कागद कपाला गुंडाळून टेप लावतात आणि साधारण १८० ते २०० अंशांवर तीन-चार मिनिटं प्रेसमध्ये दाबतात. शाईची वाफ होऊन ती कपाच्या कोटिंगमध्ये शिरते. मग ती पुसली जात नाही. वेलांटी चुकली तरी तो कप वायाच गेला, म्हणून ते ओकेसाठी अडून बसतात.

सुमनकाकू (ए-१): निळ्या कपावर पांढरं नाव मागू या का? मुलांना आवडेल.

नितीनभाई (सी-२): या पद्धतीत पांढरी शाईच नसते, पांढरं दिसतं ते कपाचं अंग. पांढरा कप घ्या, आतून निळा मिळतो.

मेघना (बी-३): ठरलं. नावं मराठीत हवीत. प्रत्येकाने मुलाचं नाव देवनागरीत टाइप करून मलाच पाठवा, ग्रुपवर नको. इंग्रजीत पाठवलं तर श्रुती की श्रुति, ते दुकानदार ठरवेल.

रोहन (बी-५): फ्रेमवर मात्र इंग्रजीत नाव आहे ना? देसाईमध्ये एस एक की दोन, ते काकांना विचारा. गोव्यात दोन्ही चालतात आणि चुकीचा लावला तर भिंतीवर कायमचा टांगून ठेवावा लागेल.

मेघना (बी-३): विचारते. काकांचा फोटो मी चॅटवरून पाठवलाय त्यांना.

नितीनभाई (सी-२): परत पाठव, डॉक्युमेंट म्हणून. साधा फोटो पाठवला की ॲप तो बारीक करतं. ८ बाय १० इंच नीट यायला इंचाला ३०० च्या हिशोबाने २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. निम्मे असले तरी लांबून चालतं, त्याखाली चेहरा मऊ पडतो. आणि नाव कडेपासून सेंटीमीटरभर आत ठेवायला सांग, कड फ्रेमच्या खाचेत जाते.

(बुधवार)

मेघना (बी-३): प्रूफ १ आलं. बघा. मला सगळं बरोबर वाटतं.

प्रिया (ए-४): थांबा! आमच्या सिद्धीची पहिली वेलांटी ‘स’च्या उजवीकडे जाऊन बसलीय. ‘द्ध’सुद्धा फुटलाय, ‘द’चा पाय मोडून ‘ध’ वेगळा उभा आहे. अर्णवचा रफार पण ‘र’ म्हणून सुटा आलाय.

मेघना (बी-३): मी तर बरोबर टाइप केलं होतं!

नितीनभाई (सी-२): तुझं टायपिंग बरोबर आहे. त्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीचं सेटिंग बंद असलं की जोडाक्षरं असंच सुटतात. साध्या मेसेजमध्ये नावं ठीक दिसतात, बिघाड फाइलमध्येच होतो. म्हणून नावं टाइप करून ‘बरोबर ना?’ विचारलं तर ते प्रूफ नव्हे. छपाईला जाणाऱ्या फाइलवरूनच काढलेली इमेज मागा. पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षर असलेली नावं आधी बघा, मीरा, कमल वगैरे क्वचितच बिघडतात.

(त्याच दिवशी संध्याकाळी)

मेघना (बी-३): प्रूफ २ आलं. सिद्धी, अर्णव दुरुस्त. पण हे काय पाठवलंय, कागदाचा फोटो, सगळी नावं उलटी!

नितीनभाई (सी-२): ते बरोबर आहे. कागद तोंड आत करून कपाला लागतो, कपावर ती सुलटी येतात. त्यावरून तपासू नका, प्रूफ २ च्या इमेजवरूनच वाचा.

प्रिया (ए-४): सुमनकाकूंनी दुकानाला आधीच ‘ओके’ टाकलाय म्हणे?

सुमनकाकू (ए-१): मी नुसता अंगठा दाखवला हो, पहिल्याला!

नितीनभाई (सी-२): मेघना, आत्ताच फोन करून सांग की पहिला रद्द. आणि लिहून पाठव : “प्रूफ २, १२ कप आणि फ्रेम, ओके.” प्रूफचा नंबर लिहायचाच. इकडे कुणी काही म्हणो, तिकडे ओके तुझ्या एकटीकडूनच जाऊ दे.

मेघना (बी-३): केला फोन, पहिलं छापायला घेतलं नव्हतं. काकांनी फ्रेमवर दोन एस सांगितलेत, तसेच आहेत. ओके आता पाठवते.

रोहन (बी-५): शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळणार नाही. शनिवारी सकाळी मी आणतो. दुकानात कप बॉक्समधून काढून एकेक नाव यादीशी ताडून घेईन, यादी मला पाठव.