पती नागपूर कारागृहात: बदलीचा अर्ज

«पतीला शिक्षा झाली असून ते नागपूरला आहेत. मुंबईजवळच्या कारागृहात हलवण्यासाठी मी पत्र कोणाला आणि कसे लिहावे?»

ताई, शिक्षा झालेली असल्याने हा निर्णय प्रशासकीय आहे. खटला चालू असता तर वकिलामार्फत न्यायालयाकडेच जावे लागले असते. अर्ज पुण्याच्या कारागृह महानिरीक्षकांच्या नावे लिहून नागपूरच्या अधीक्षकांमार्फत पाठवावा आणि पोच घ्यावी. पतीचा बंदी क्रमांक, खटल्याचा क्रमांक, न्यायालय व शिक्षेचा कालावधी पहिल्याच परिच्छेदात यावा, कारण त्यावाचून कागद भलत्याच टेबलावर पडून राहतो. आर्थर रोड मुख्यतः कच्च्या कैद्यांसाठी असून तेथे गर्दीही फार असते, म्हणून ठाणे, तळोजा किंवा नाशिक रोड असे पर्याय द्यावेत.

कारण मात्र नेमके हवे. ‘फार हाल होतात’ याऐवजी असे लिहावे: ‘सासूबाईंना दर आठवड्याला डायलिसिस करावे लागते आणि आठशे किलोमीटरहून दूर जाऊन भेट घेणे मला शक्य होत नाही.’ सोबत रुग्णालयाचा दाखला व शिधापत्रिकेची प्रत जोडावी. पतीनेही आतून तसाच अर्ज द्यावा. बदली हा हक्क म्हणून मागता येत नाही. त्यामुळे भाषा विनंतीचीच ठेवावी.