सोयाबीन विचारलं की बॉट तुरीचा आकडा देतो, एफएक्यू कसं लिहावं?

शिवार_लातूर
आमच्या शेतकरी कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप बॉटला खरिपाची प्रश्नोत्तरं दिलीत, पिकवार, एकाच पीडीएफमध्ये. "सोयाबीनला एकरी बियाणं किती?" विचारलं की कधी ३० किलो येतं, कधी ५ किलो. पाच किलो तुरीचे हो! पेरणी तोंडावर आलीय. मॉडेल बदलावं का?

कोडकरी
चंक साइज वाढवा, म्हणजे बॉट पीडीएफचे जे तुकडे पाडून त्यांत शोधतो ते दुप्पट मोठे करा. मथळापण सोबत येईल, प्रश्न मिटला.

ग्रंथपाल_ताई
मॉडेलला हात लावू नका. आधी लॉग उघडा आणि त्या प्रश्नाला शोधाने कोणते तुकडे उचलले ते बघा. योग्य तुकडा यादीतच नसेल तर दोष लिखाणाचा किंवा शोधाचा. यादीत असूनही उत्तर चुकलं तर मग मॉडेलकडे वळा. चुकीच्या वेळी आलेला तुकडा इथे टाका.

शिवार_लातूर
```
प्र. ७: एकरी बियाणं किती लागतं?
उ.: ५ किलो. बीजप्रक्रिया वरीलप्रमाणेच.
```

ग्रंथपाल_ताई
यात "तूर" हा शब्द कुठंय? तो पानाच्या वरच्या मथळ्यात राहिला. तुकडे पाडताना मथळा एकीकडे गेला, उत्तर दुसरीकडे. सोयाबीनचा प्र. ७ सुद्धा असाच असणार, म्हणजे शोधाच्या नजरेत दोन्ही तुकडे जुळे भाऊ. ३० किलो आलं ते नशिबाने. "वरीलप्रमाणेच"चीही तीच गत, कारण तुकड्याला "वर" काही नसतंच.

कोडकरींचं अर्धं बरोबर आहे. मोठ्या तुकड्यात मथळा येतो, पण तूर संपून सोयाबीन सुरू होतं तिथे दोन्ही पिकं एकाच तुकड्यात शिरतात आणि मॉडेल जवळचा आकडा उचलतं. त्यापेक्षा एक प्रश्न, एक उत्तर, एक तुकडा असं ठेवा. तुकडे शब्दसंख्येवर न पाडता "प्रश्न:" या खुणेवर पाडा. पिकाचं नाव प्रश्नात हवं आणि उत्तराच्या वाक्यातही हवं, कारण बॉट बहुधा उत्तराचंच वाक्य उचलून देतो. नुसतं "३० किलो" उचललं तर शेतकऱ्याला कशाचे ते कळणार नाही.

शिवार_लातूर
असं लिहिलं तर?
```
प्रश्न: सोयाबीनला एकरी किती किलो बियाणं लागतं?
असंही विचारतात: सोयाबीनचं बी एकराला किती टाकायचं?
सोयाबीनची एक बॅग किती रानाला पुरते?
उत्तर: सलग सोयाबीनला एकरी ३० किलो, म्हणजे हेक्टरी ७५ किलो
बियाणं लागतं. हे प्रमाण किमान ७० टक्के उगवणीच्या बियाण्याचं आहे.
```

ग्रंथपाल_ताई
बॅगेची ओळ काढा. बॅग किती किलोची हे उत्तरात नाहीच. तो प्रश्न इथे ठेवला तर तुकडा सापडेल, पण बॉट बॅगेचं वजन मनानेच धरून हिशोब सांगेल. त्याला वेगळं उत्तर लिहा. बाकी बरोबर. "सलग" आणि उगवणीची अट त्याच उत्तरात ठेवलीत हे चांगलं केलंत. अट खालच्या टिपेत गेली की ती मागेच राहते.

पतसंस्था_बीड
आमच्या बॉटला ठेवींचे दर विचारले की जुनेच सांगतो. नवा तक्ता टाकलाय तरी.

ग्रंथपाल_ताई
जुना तक्ता इंडेक्समधून काढलात का? दोन्ही असतील तर शोधाला दोन्ही सारखेच. आणि तक्ता अर्ध्यात तुटला की दर राहतो, मुदत जाते. प्रत्येक ओळीचं पूर्ण वाक्य करा: मुदत, दर, कधीपासून लागू.

नांदेडकर
शिवारभाऊ, पीडीएफ कोणत्या फाँटमध्ये आहे? श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर पानावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा काला असतो. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका.

शिवार_लातूर
बीजप्रक्रियेची पानं काला निघाली! म्हणूनच त्यावर "माहिती उपलब्ध नाही" येत होतं.

नांदेडकर
युनिकोडमध्ये बदलून घ्या, पण कन्व्हर्टरवर डोळे झाकून विसंबू नका. रफार, जोडाक्षरं आणि आकडे मूळ पानाशी ताडून बघा. औषधाच्या मात्रेतलं दशांशचिन्ह तर हमखास बघा.

कोडकरी
आणि लोक "soyabin biyane kiti kilo" असं टाइप करतात, त्याचं काय? रोमन प्रश्नही "असंही विचारतात"मध्ये घाला.

ग्रंथपाल_ताई
मला पटत नाही. soyabin, soybin, soyabean, किती लिहिणार? प्रश्न आल्यावर आधी देवनागरीत करून मग शोधावा.

कोडकरी
त्या रूपांतरात वाणांची नावं बिघडतात. `MAUS-71` चं भलतंच होतं. नुसता अर्थावरचा शोध `MAUS-71` आणि `MAUS-162` यांत गल्लत करतो, म्हणून सोबत शब्दशः जुळणीचा शोधही लावा आणि वाणाचं नाव बॅगेवर जसं छापलंय तसं ठेवा.

ग्रंथपाल_ताई
वाणांपुरतं मान्य. बाकीच्याचं शिवारभाऊंच्या लॉगमधले खरे प्रश्न दोन्ही पद्धतींनी चालवून बघू.

शिवार_लातूर
लॉग काढतो. फोन नंबर पुसून टाकेन. सोयाबीन-तूर आंतरपिकाचं उत्तर कोणत्या पिकाखाली घालू?

ग्रंथपाल_ताई
कुणाच्याच नको. वेगळा प्रश्न करा, दोन्ही नावं आणि ओळींचं प्रमाण त्यातच लिहा. तरी नुसतं "सोयाबीन" विचारल्यावर तो तुकडा वर येईलच, तेव्हा बॉटने "सलग की आंतरपीक?" असं उलट विचारायला हवं.