उपवास, ग्लिमेपिराइड आणि बीटा पेशी

>> पोटात काही गेलंच नाही तर गोळी इन्सुलिन सोडायला लावेलच कशी?

लावते, कारण ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी साखरेची वाटच बघत नाही. एरवी स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत ग्लुकोज शिरतं, ग्लुकोकायनेज हे विकर त्यावर पहिली प्रक्रिया करतं आणि पुढे त्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. एटीपी वाढलं की पेशीच्या पडद्यातली पोटॅशियमची वाहिनी बंद होते. पोटॅशियम बाहेर जाणं थांबल्यामुळे पडद्यावरचा साधारण उणे ७० मिलिव्होल्टचा विद्युतदाब उतरतो, मग कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात आणि आत आलेलं कॅल्शियम इन्सुलिनच्या पुटिका रिकाम्या करतं. रक्तातली साखर ९० च्या खाली असली की एटीपी कमी पडतं, वाहिनी बऱ्यापैकी उघडी राहते आणि इन्सुलिन जवळजवळ थांबतं. ग्लिमेपिराइड मात्र थेट वाहिनीच्याच एसयूआर१ या भागाला चिकटून ती बंद करतं. साखर ६० असली तरी पेशीला वाटतं, जेवण झालंय!

आमचे मामा नवरात्रात तुळजापूरला निघाले, उपवास कडक, पण सकाळची गोळी न चुकता घेतलेली. दुपारी दरदरून घाम, बोलणं असंबद्ध, ग्लुकोमीटरवर ५२. साखरपाणी दिल्यावर तरतरी आली, पण संध्याकाळी साखर पुन्हा घसरली, कारण गोळीचा असर जवळपास दिवसभर टिकतो, मूत्रपिंड मंद असेल तर त्याहून जास्त. म्हणून एकदा बरं वाटलं तरी खाऊ घालायचं आणि दर तासाला साखर मोजत राहायचं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाचीच दुसरी गोळी पोटॅशियमच्या या वाहिनीला हात लावत नाही, त्यामुळे एकट्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही.